गिरनारला किती तास लागतील? किलोमीटर सोडा, पायऱ्या धरा

प्रश्न: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गिरनारला चाललोय. मी, बायको, दोन मेव्हणे आणि आई (वय ६३, गुडघे बरे आहेत, रोज अर्धा तास चालते). सूर्योदयाला दत्तशिखरावर पोचायचंय. मित्र म्हणतो ४ तास पुरतात, शेजारचे काका म्हणतात ८ तास धरा. अंतर बघितलं तर काही फार नाहीये. नक्की किती वाजता निघायचं आणि हे वेळेचं गणित करतात तरी कसं?

उत्तर:

मित्रही बरोबर आणि काकाही बरोबर. मित्र स्वतःच्या पायांचा वेळ सांगतोय, काका बहुतेक काकूंना घेऊन गेले असणार. तुमच्या आईंना घेऊन माझ्या हिशोबाने साडेसात तासांच्या आसपास लागतील, म्हणजे रात्री सव्वाअकराला भवनाथ तळेटीहून पहिली पायरी चढायची. आता हा आकडा आला कुठून ते सांगतो, म्हणजे तुमचा वेग वेगळा निघाला तर तुम्हालाच बदलता येईल. मी ग्रुप घेऊन जातो तेव्हा हेच गणित कागदावर करून खिशात ठेवतो.

सपाट रस्त्यावर काही डोकं लावायची गरज नसते. एकटा माणूस जरा झपाझप चालला तर किलोमीटरला १२ मिनिटं, घरच्यांबरोबर १५ मिनिटं, लहान पोरं किंवा सामान असेल तर १८-२०. मध्ये एखादा स्कायवॉक किंवा रेल्वेचा जिना आला तर ५०-६० पायऱ्यांचे दीड-दोन मिनिटं वाढवा, विषय संपला. खरी गंमत चढ मोठा असला की सुरू होते, कारण तिथे वेळ अंतरावर नाही, तुम्ही स्वतःचं वजन किती मीटर वर उचलताय त्यावर ठरतो.

यासाठी जुना नियम आहे नेस्मिथचा. हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक, त्याने १८९२ मध्ये सांगून ठेवलंय की ताशी ३ मैल चाल धरा आणि दर २००० फूट चढाला एक तास वर टाका. आपल्या मापात ताशी ५ किमी आणि ६०० मीटर चढाला एक तास. नियम चांगलाय पण तो डोंगरात मुरलेल्या माणसाचा आहे आणि त्यात बसणं, फोटो, पाणी, बुटाची नाडी यातलं काहीच धरलेलं नाही. घरच्या मंडळींसाठी मी जर्मन लोकांची पद्धत वापरतो. ते सपाटीला ताशी ४ किमी, चढाला तासाला ३०० मीटर आणि उताराला तासाला ५०० मीटर धरतात. अंतराचा वेळ वेगळा काढायचा, उंचीचा वेगळा काढायचा, दोन्हीतला जो मोठा असेल तो पूर्ण घ्यायचा आणि लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा. निम्मा का, तर चढताना तुम्ही पुढेही सरकतच असता, तो वेळ दोनदा मोजला जायला नको.

पुणेकरांसाठी सिंहगड घ्या. आतकरवाडीतून वर साधारण पावणेतीन किलोमीटर आणि चढ ढोबळ ६०० मीटर. अंतराचे ४० मिनिटं, उंचीचे दोन तास, म्हणजे दोन तास अधिक वीस मिनिटं. नेस्मिथने काढलं तर दीड तास येतो. आणि दर रविवारी चढणारी मंडळी तासाभरात पुणे दरवाज्याला असतात. तिन्ही आकडे खरे आहेत, पहिल्यांदा आलेल्या मावशींचा वेळ पहिला, रविवारवाल्यांचा शेवटचा. आणि हेही बघा की पावणेतीन किमी हा आकडा एकटा ऐकला तर माणूस म्हणेल अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. तुम्ही 'अंतर काही फार नाहीये' म्हणालात ना, ते हेच.

आता गिरनार. इथे तळापासून वरपर्यंत दगडी पायऱ्या, त्यामुळे हिशोब उलट सोपा होतो, मीटरही सोडून द्या, पायऱ्याच धरा. अंबाजीच्या देवळापर्यंत साधारण ५००० पायऱ्या आहेत. २०२० मध्ये सुरू झालेला रोपवे तळेटीहून त्याच अंबाजीजवळ पोचतो आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत साधारण ८५० मीटरचा फरक आहे. ८५० ला ५००० ने भागा, पायरीची उंची येते १७ सेंटीमीटर. घरातल्या जिन्याची पायरी पट्टीने मोजून बघा, बरीचशी तेवढीच भरेल. म्हणजे १०० मीटर चढ म्हणजे ढोबळ ६०० पायऱ्या, आणि जर्मन पद्धतीतले तासाला ३०० मीटर म्हणजे तासाला १८०० पायऱ्या, मिनिटाला ३०. नेस्मिथचे ६०० मीटर पायऱ्यांत काढले तर मिनिटाला जवळजवळ ६० होतात, दर सेकंदाला एक, तेही तासन् तास. करून बघा जिन्यात, पाच मिनिटांत कळेल की हे घरच्यांचं काम नाही.

पायऱ्यांची एक खोड अशी की पायवाटेवर दमलं की माणूस आपोआप पाऊल लहान टाकतो, नागमोडी चालतो, कमी चढाची कड शोधतो. पायरीवर ती सोय नाही. प्रत्येक वेळी १७ सेंटीमीटर उचलावंच लागतं, मग दमलेला माणूस पाऊल लहान करू शकत नाही म्हणून थांबतो. म्हणून पायऱ्यांवर चालण्याचा वेग बघायचा नसतो, थांबण्यासकट तासाला किती पायऱ्या होतात ते बघायचं. आईंसाठी मी तासाला १५०० धरतोय, यात उभ्याउभ्या दम खाणं आलं, बसणं वेगळं.

हे १५०० तुम्ही घरीच तपासून घ्या. सात मजल्यांची बिल्डिंग असेल तर मजल्याला १८-२० पायऱ्या धरून एका फेरीत सव्वाशे-दीडशे पायऱ्या होतात. आईंना जिन्याने वर न्या, लिफ्टने खाली, परत वर, असं हजार पायऱ्या होईपर्यंत. लिफ्टचा वेळही घड्याळातून वजा करू नका, वर तेवढी विश्रांती लागतेच. चढताना त्यांना बोलतं ठेवा. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येतंय तोवर तो वेग रात्रभर टिकेल, वाक्य मध्ये तुटायला लागलं की तो वेग अर्ध्या तासाचा आहे. हजाराला ४० मिनिटं लागली तर १५०० चा हिशोब बसला. आणि रोज अर्धा तास चालतात हे छानच आहे पण ते सपाटीचं चालणं, त्यावरून चढाचा अंदाज लागत नाही. छातीत जडपणा, चक्कर असं काही या टेस्टमध्येच वाटलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग तिकिटं.

आता पूर्ण हिशोब. तळेटी ते अंबाजी ५००० पायऱ्या, तासाला १५०० ने तीन तास वीस मिनिटं. दर तासाला दहा मिनिटं बसणं, ते अर्धा तास. झाले तीन तास पन्नास मिनिटं.

अंबाजीच्या पुढे बरेच जण फसतात. सगळे म्हणतात गिरनारच्या दहा हजार पायऱ्या, मग माणूस समजतो अंबाजी म्हणजे निम्मा चढ झाला आणि अजून तेवढाच बाकी आहे. तसं नाहीये. अंबाजीहून गोरखनाथ शिखरावर चढायचं, ते सगळ्यात उंच, तिथून खाली बरंच उतरायचं आणि मग दत्तशिखर पुन्हा चढायचं. दत्तशिखर गोरखनाथपेक्षा बुटकं आहे. म्हणजे पुढच्या पाच हजारात चढ आणि उतार दोन्ही आहेत, मी सोयीसाठी निम्मे-निम्मे धरतो. जाताना ही चांगली बातमी वाटते, पण येताना गोरखनाथहून उतरलेला प्रत्येक दगड परत चढावा लागतो, आणि तोही उन्हात, दमलेल्या पायांनी. जाताना चार तास लागले म्हणून येताना दोन तासांत खाली असं जे धरतात त्यांचं गणित नेमकं इथे कोसळतं.

तर अंबाजीनंतर २५०० पायऱ्या चढ. आता पाय आधीच पाच हजार चढलेले आहेत म्हणून १५०० चा वेग धरायचा नाही, १२०० धरा, दोन तास पाच मिनिटं. २५०० उतार, रात्रीचा, टॉर्चच्या उजेडात, तासाला २३००-२४०० च्या पुढे मी धरत नाही, एक तास पाच मिनिटं. बसायला वीस मिनिटं. झाले साडेतीन तास. एकूण सात तास वीस मिनिटं.

तुमचा मित्र तिशीतला, सवयीचा असेल तर तो तासाला २४०० ने अंबाजीला दोन तास पाच मिनिटांत जातो, पुढचे २५०० सव्वा तासात, उतार पन्नास मिनिटांत, बसला तर वीस मिनिटं बसला. साडेचार तास. काकांचे आठ आणि मित्राचे चार हे एकाच सूत्रातून निघतात, फक्त ताशी पायऱ्यांचा आकडा वेगळा.

सव्वाअकराला निघालात तर अंबाजीला तीन वाजून पाच मिनिटांनी, दत्तशिखराला सहा पस्तीसला. गिरनारच्या पायथ्याचं जुनागढ मुंबईच्याही पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा उशिरा उगवतो, डिसेंबरच्या शेवटी साडेसातच्या थोडा आधी. म्हणजे हाताशी पाऊण तास राहतो. हा पाऊण तास तोडू नका. कुणाला तरी टॉयलेट लागणार, कुणाची टॉर्च जाणार, चहाच्या टपरीवर दहाचे वीस मिनिटं होणार. आणि लवकर पोचलात तरी वर वारा प्रचंड असतो, घाम आलेल्या अंगावर तो लागतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी बॅगेत वरच ठेवा. पादुकांच्या दर्शनाच्या वेळा मात्र तळेटीला उतराल तिथे विचारून घ्या, हे बदलू शकतं.

आता कागदावरचं गणित खरं ठरतंय का हे वाटेत कसं कळणार? वाटेत ठिकठिकाणी पायऱ्यांचे आकडे रंगवलेले आहेत, त्यांचा उपयोग करा. पहिल्या ५०० पायऱ्यांचा वेळ बघूच नका, सगळे ताजे असतात, जय गिरनारी करत पळत असतात, तो वेळ खोटा. ५०० ते १५०० या हजार पायऱ्यांना किती मिनिटं लागली ते बघा, बसणं सोडून. ४० लागली तर सगळं वेळेवर. ४५ पर्यंत पाऊण तासाच्या शिलकीतून भागेल. ५० लागली तर वेग १५०० नाही १२०० आहे, म्हणजे अंबाजीला तीन ऐवजी चारच्या सुमाराला आणि दत्तशिखराला सव्वाआठ. सूर्योदय तिथे मिळत नाही हे तुम्हाला मध्यरात्रीच समजलं. मग आईंना ढकलत न्यायची गरज नाही, सूर्योदय गोरखनाथहून बघा, तो सगळ्यात उंच आहे, तिथून काही कमी दिसत नाही, आणि दर्शनाला निवांत पुढे जा. यात सगळ्यात वाईट काय होतं, तर लोक हिशोब करत नाहीत, चार वाजता अंबाजीला घाबरतात आणि पुढच्या चढावर म्हाताऱ्या माणसाला 'चला चला' करतात, आणि तिथेच पाय मुरगळतात.

पाच जणांचा ग्रुप आहे म्हणून एक सांगतो. वेळ सगळ्यात हळू माणसाचा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ग्रुपमध्ये तो हळू माणूस एकटा असता त्यापेक्षाही हळू होतो. कारण मेव्हणे पुढे जाणार, दोनशे पायऱ्यांवर बसून वाट बघणार, आई पोचल्या की 'आल्या, चला' म्हणून उठणार. मेव्हण्यांची दहा मिनिटं विश्रांती झाली, आईंची शून्य. असं चार वेळा झालं की त्या बसतात त्या उठतच नाहीत. उपाय एकच, आई सगळ्यात पुढे, त्यांच्या पावलावर बाकीचे, आणि बसायचं त्या सांगतील तेव्हा. मेव्हणे कंटाळतील, कंटाळू दे, पाण्याच्या बाटल्या त्यांच्याकडे द्या.

उतरण्याबद्दल. उतारावर दम लागत नाही म्हणून वेळ खूपच कमी धरतात. पायऱ्यांवर दर पावलाला शरीराचं वजन मांडीच्या स्नायूवर ब्रेक लावून खाली सोडावं लागतं, आणि दोनेक हजार पायऱ्यांनंतर पाय लटपटायला लागतात, उभं राहिलं तरी गुडघे थरथरतात. ते सुरू झालं की वेग निम्म्यावर येतो आणि दम खाऊनही लवकर सुधारत नाही. म्हणून परतीला मी आईंसाठी चढ तासाला १००० आणि उतार २००० धरतो. दत्तशिखर ते अंबाजी म्हणजे अडीच तास अधिक सव्वा तास अधिक बसणं, चार तास. दर्शन करून सव्वाआठला निघालात तर सव्वाबाराला अंबाजी. तिथून रोपवेने खाली या, यात काही कमीपणा नाही. पण रोपवे जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात, तसं झालं तर अजून ५००० पायऱ्या, तीन तास, म्हणजे सव्वातीन. रात्री सव्वाअकरापासून दुपारी सव्वातीन, सोळा तास. हा आकडा निघायच्या आधी घरात सगळ्यांना मोठ्याने सांगा, विशेषतः ज्यांनी संध्याकाळची ट्रेन बुक केली असेल त्यांना. काठी तळेटीला भाड्याने मिळते, ती चढायला नाही तर उतरायला घ्यायची असते. डोलीही मिळते, तिचा दर वजनावर असतो, अगदीच अडलं तर वाटेत शोधण्यापेक्षा खालीच विचारून ठेवलेलं बरं.

मला विचाराल तर सूर्योदयाचा हट्ट नसेल तर आईंसाठी दुसरा प्लॅन चांगला. सकाळी रोपवेने अंबाजीला या, साडेआठला ताज्या पायांनी सुरुवात करा. २५०० चढ तासाला १४०० ने पावणेदोन तास, २५०० उतार दिवसाउजेडी तासाभरात, पंधरा मिनिटं बसणं, साडेअकराला दत्तशिखर. दर्शनाला पाऊण तास धरून सव्वाबाराला परत फिरलात तर साडेतीन-पावणेचारला अंबाजीला, कारण परतीचा गोरखनाथचा चढ भर दुपारचा आहे. शेवटची ट्रॉली किती वाजता खाली जाते ते मात्र सकाळी तिकीट काढतानाच विचारा, आणि त्याच्या दीड तास आधी अंबाजीला असू असाच प्लॅन ठेवा. साडेआठच्या ऐवजी वर पोचायलाच दहा वाजले, जे सुट्टीच्या दिवसात लाइनमुळे सहज होतं, तर या प्लॅनमध्ये दत्तशिखर बसत नाही, गोरखनाथपर्यंत जाऊन परत या.

फोनबद्दल एक राहिलंच. मॅपवर चालायचा जो वेळ दिसतो तो न थांबणाऱ्या धडधाकट माणसाचा असतो, शहरात ठीक, इथे त्यावर भरवसा ठेवू नका. आणि चालण्याचं ॲप लावलं असेल तर त्यात दिसणारा एकूण चढ बऱ्याचदा फुगलेला असतो, कारण जीपीएसची उंची थोडी वरखाली हलत राहते आणि ॲप तो प्रत्येक छोटा हेलकावा चढ म्हणून मिळवत जातं. कुणी फोनवर दाखवलं की आम्ही पंधराशे मीटर चढलो तर ऐकून घ्या आणि पायऱ्यांवरच्या आकड्याकडे बघून घड्याळ लावा.

आईंची जिन्यातली हजार पायऱ्यांची टेस्ट झाली की मिनिटं इथे खाली टाका, त्यावरून निघायची वेळ पक्की करून देतो.